मडके, सूत आणि पाणी : नव्या विधीचे वय

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न आमच्या तासगाव तालुक्यातल्या गावी लागले. मांडवात पाटावर नवे कोरे मडके पाण्याने काठोकाठ भरून ठेवले होते. त्यात सोडलेल्या पांढऱ्या सुताची दोन टोके वधू-वरांच्या हातांत होती आणि बौद्धाचार्य मंगलसुत्त म्हणत होते. माझे चुलते मांडवाच्या खांबाला टेकून पाहुण्यांना सांगत होते, “ही आपली अडीच हजार वर्षांची रीत.” शेजारी कॉलेजात शिकणारा माझा मामेभाऊ उभा होता. तो पटकन म्हणाला, “कसली अडीच हजार, आप्पा? ही १९५६ सालची आहे.” चुलत्यांचा चेहरा उतरला. जेवणाच्या पंगतीपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

मी इतिहास शिकवतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या दिवशी मी टाळाटाळ केली. पुढे मात्र हा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण दोघांच्याही बोलण्यात एकच गृहीत दडलेले होते. रीत जुनी असेल तर खरी आणि नवी असेल तर खोटी, असे दोघेही मानत होते. चुलत्यांना ती खरी ठरवायची होती म्हणून त्यांनी ती जुनी केली. भावाने तिचे खरे वय सांगितले आणि आपण तिचा अपमान केला असे त्याचे त्यालाच वाटले. हे गृहीत आपल्याकडे कोठून आले आणि ते टिकते का, हे आपल्याच दोन जिल्ह्यांतील लग्नाच्या मांडवात उभे राहून तपासावे, असे मी ठरवले.

१९८३ साली एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर या दोन इतिहासकारांनी परंपरांच्या निर्मितीवर एक ग्रंथ संपादित केला. अनादि म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ परंपरा अलीकडच्या काळात, काही हेतूने घडवलेल्या असतात आणि वारंवार आचरून त्या लोकांच्या अंगवळणी पाडल्या जातात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. स्कॉटलंडच्या डोंगरी टोळ्यांचा पुरातन पोशाख म्हणून जगभर ओळखला जाणारा आखूड घागरा अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी काढला, असे त्यातल्या एका लेखात दाखवले आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी मोगली थाटाची नक्कल करून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी कसे केले, यावरही त्यात एक लेख आहे. समाज झपाट्याने बदलतो, जुने सांधे निखळतात, अशा वेळी ही निर्मिती जोरात चालते, असे हॉब्सबॉम सांगतो.

आपल्याला हे समजायला स्कॉटलंड कशाला हवे? सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा. सूर्यनमस्काराला शाळाशाळांतून शिस्तबद्ध सामुदायिक व्यायामाचे जे रूप आले, त्यामागे साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची विसाव्या शतकातली खटपट आहे. या गोष्टींचे वय कोणी विचारत नाही. वय विचारले जाते ते आमच्या मडक्याचे.

असो. मी ज्या मांडवाबद्दल बोलतो आहे त्याला या भागात तीन पदर आहेत. पहिला सत्यशोधकांचा, दुसरा प्रतिसरकारच्या ‘गांधी लग्ना’चा आणि तिसरा आमचा. हे तिन्ही पदर एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होते. मांडवातून भट गेला तर त्याच्या जागी कोण उभे राहणार, आणि त्याचा शब्द लोक कशाच्या बळावर मानणार?

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची आणि त्या पद्धतीचे पहिले लग्न त्याच वर्षीच्या डिसेंबरातले. जोतीरावांनी भट काढून जागा रिकामी ठेवली नाही. त्यांनी नवी मंगलाष्टके रचली. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू आपल्या हक्काविषयी विचारते आणि वर वचन देतो. १८८७ साली त्यांनी पूजाविधीचे छोटे पुस्तकच छापले. हे पुस्तक फार महत्त्वाचे आहे, कारण विधी डोक्यात असेल तर तो सांगणाऱ्याबरोबर मरतो. पुस्तकात असेल तर अक्षरओळख असलेला कोणताही शेतकरी तो लावू शकतो. भटाचे सामर्थ्य पाठांतरात होते, त्याला छापखान्याने उत्तर दिले. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली भटावाचून लग्न लावले तेव्हा ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि जोशांचा दावा टिकला नाही. विधीचे भांडण हे पोटापाण्याचे आणि वतनाचेही भांडण असते, हे त्यावरून दिसते.

सातारा जिल्ह्यात हा विचार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात जलशांमधून गावोगाव पोहोचला. कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती याच वातावरणात. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील याच चळवळीत वावरलेले. म्हणून १९४३ साली त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी प्रतिसरकार उभे केले तेव्हा त्यांच्या कामात लग्नही आले, याचे नवल वाटायला नको.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी एक खुलासा केला पाहिजे. त्या वेळचा सातारा जिल्हा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सारे त्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र कुंडल, ते तर औंध संस्थानात होते, आणि इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांपासून त्याचा आडोसा होत असे. १९४३ ते १९४६ या काळात या टापूत इंग्रजांचा अंमल पुष्कळसा कागदावर उरला. भूमिगतांनी न्यायदान मंडळे चालवली, तुफान सेना उभी केली, सावकारांना आणि गावगुंडांना वठणीवर आणले. ज्याला न्याय देता येतो त्याला लग्नही लावता येते. या राजवटीत लागलेल्या लग्नांना लोकांनी ‘गांधी लग्न’ हे नाव दिले.

त्याची रीत थोडक्यात अशी होती. भट नाही, हुंडा नाही, मिरवणूक-वाजंत्री नाही, कर्ज काढून जेवणावळी नाहीत. गावासमोर वधू-वर उभे राहायचे, एकमेकांना हार घालायचे, कार्यकर्ते देशभक्तीची गाणी आणि भाषणे करायचे आणि लग्न लागायचे. भूमिगत पुढारी हजर राहिला तर त्याची उपस्थिती हाच मोठा आशीर्वाद. सावकाराच्या वहीत शेतकऱ्याची जमीन बहुधा लग्नाच्या खर्चानेच जात असे, म्हणून हा नुसता डामडौल कमी करण्याचा प्रश्न नव्हता. सावकारशाहीच्या मुळावर घातलेला तो घाव होता.

आता यातली घडवलेली परंपरा कोणती ते पाहू. विधीचा सांगाडा सत्यशोधकी आहे. भटाची हकालपट्टी, कमी खर्च, गावासमोर दिलेले वचन, हे सारे जोतीरावांच्या वाटेने आलेले आहे. नाव मात्र गांधींचे. गांधींनी असा काही विधी साताऱ्याला सांगितला नव्हता. उलट गांधी स्वतः त्या वर्षांत असे म्हणू लागले होते की, वधू-वरांपैकी एक हरिजन असेल अशाच लग्नाला मी आशीर्वाद देईन. साताऱ्याच्या गांधी लग्नाला अशी अट नव्हती. म्हणजे नाव ज्याचे, त्याची अट गाळलेली, आणि विचार ज्याचा, त्याचे नाव गाळलेले. मला यात कोणाची लबाडी दिसत नाही. १९४३ च्या साताऱ्यात माणसे गोळ्यांपुढे उभी राहत होती ती गांधींच्या नावावर. नवा विधी नेहमी त्या क्षणी ज्या नावात सर्वांत जास्त ताकद असते ते नाव घेतो. पण अभ्यासकाने नावावरून विधीचे कूळ ठरवू नये, सांगाड्यावरून ठरवावे, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

माझ्या आजीचे माहेर वाळवा तालुक्यातले. लहानपणी, सहा-सात वर्षांची असताना, तिने असे एक लग्न पाहिले होते. ती सांगायची की, गाणी फार छान होती आणि भट नव्हता हे पाहून आमच्या वाड्यातल्या माणसांना मोठा अचंबा वाटला. आम्ही कडेला उभे होतो. लग्न लागल्यावर गूळ वाटला. तो सगळ्यांच्या हातावर ठेवला, आमच्या ओंजळीत वरून टाकला. आजीने ही गोष्ट मला रागाने कधी सांगितली नाही. गूळ गोड होता, एवढे ती आवर्जून सांगायची. मी मात्र तो गूळ विसरू शकत नाही. मांडवातून भट गेला होता, पण गुळाची उंची गेली नव्हती.

१९४६ नंतर प्रतिसरकार संपले आणि गांधी लग्नही विरत गेले. आज वाळव्यात किंवा कुंडलला कोणाच्या घरी गांधी लग्न लागत नाही. जयंत्या होतात, स्मारके आहेत, ‘पत्री सरकार’च्या गोष्टी पोरांना सांगतात. विधी तेवढा गेला. ज्या भागात लोकांनी जीव धोक्यात घालून तो विधी आचरला तिथे तो एका पिढीतही मुरला नाही, असे का झाले?

मला तीन कारणे दिसतात, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. या विधीचे पुस्तक नव्हते. त्याचे बळ विधीच्या शब्दांत नव्हते, लावणाऱ्या माणसात होते, आणि तो माणूस भूमिगत होता तोवर त्याच्या येण्याला जी जादू होती ती तो निवडणुकीला उभा राहिल्यावर राहिली नाही. दुसरे असे की, हा विधी लावणारी कायमची माणसे नेमलेली नव्हती. चळवळ होती तोवर कार्यकर्ता होता, चळवळ सरल्यावर लग्न लावायला कोणाला बोलवायचे? आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे आचरणाऱ्यांना परतायला घर होते. गांधी लग्न करणाऱ्या मराठा शेतकऱ्याचे कुलदैवत, देवक, भावकी सारे जागच्या जागी होते. त्याने एक लग्न निराळ्या रीतीने लावले, पण त्यासाठी त्याला दुसरा कोणी व्हावे लागले नाही. पुढे उसाला पाणी आले, हातात पैसा खेळू लागला, तसा वाजंत्रीसह सारा थाट परतला आणि मागोमाग भटजीही परतले. त्यांना कोणी आडवले नाही.

आमच्याकडे हे तिसरे कारण लागू नव्हते. आमच्या परतण्याच्या वाटेवर वरून टाकलेला गूळ होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून घेणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. म्हणजे वाट मुद्दाम बंद केली. पण माणसे जन्मत होती, मरत होती, लग्ने ठरलेली होती. नव्या धम्मात लग्न कसे लावायचे? बाबासाहेबांना हे विचारणाऱ्यांपैकी एक व्ही. एस. कर्डक. त्यांना ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, बाबासाहेबांनी इंग्रजीत पत्र लिहिले. त्याचा आशय असा आहे : बौद्ध लग्नविधी साधा आहे. त्यात होम नाही आणि सप्तपदी नाही. नवीन मातीचे भांडे वधू-वरांच्या मध्ये पाटावर ठेवून काठोकाठ पाण्याने भरायचे. त्यात सूत सोडून एकेक टोक दोघांनी हातात धरायचे. कोणी तरी मंगलसुत्त म्हणायचे. दोघांनी पांढरी वस्त्रे नेसायची. एवढेच.

हे पत्र पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहे. पहिल्यांदा काय नाही ते सांगितले आहे, आणि जे नाही ते नेमके हिंदू विवाहाचे दोन मुख्य आधार आहेत, अग्नी आणि सात पावले. अग्नी गेला, त्याच्या जागी पाणी आले. ज्या समाजाला पाणवठ्यावरून हाकलले जात होते आणि ज्याने १९२७ साली महाडला पाण्यासाठीच डोकी फोडून घेतली, त्याच्या लग्नात मध्यभागी काठोकाठ भरलेले पाणी आले. बाबासाहेबांच्या मनात हा अर्थ होता असे मी म्हणणार नाही, पत्रात तसे काही नाही. पण आमच्या माणसांनी तो अर्थ वाचला, हे मी गावोगावच्या भाषणांत ऐकले आहे. नव्या विधीला अर्थ देण्याचे काम त्याचा निर्माता एकटा करत नाही.

दुसरे, ‘कोणी तरी’ म्हणायचे. पुरोहिताची अमुक एक जात नाही, भिक्खूच हवा असेही नाही. जोतीरावांच्या छापील पुस्तकामागची दृष्टी इथे दोन शब्दांत आली आहे.

मग पाणी आणि सूत आले कोठून? हे हवेतून काढलेले नाही. श्रीलंका, ब्रह्मदेश या थेरवादी देशांत परित्राणपाठाची रीत आहे. भिक्खू सुत्ते म्हणतात, पाण्याच्या कलशातून निघालेले पांढरे सूत सर्वांच्या हातांतून फिरवलेले असते, पाठ संपल्यावर ते मनगटाला बांधतात आणि पाणी शिंपडतात. बाबासाहेब १९५० साली कोलंबोला आणि १९५४ साली रंगूनला गेले होते. पत्रातला विधी आणि परित्राण यांचे साम्य उघड आहे. मंगलसुत्त तर त्या पाठातलेच. मात्र परित्राण हा लग्नाचा खास विधी नव्हे, संरक्षणाचा आणि मंगलाचा पाठ आहे. थेरवादी देशांत लग्न ही मुळात लौकिक बाब, भिक्खूंनी लग्न लावण्याची तिथे परंपरा नाही. तेव्हा सूत जुने, पाणी जुने, सुत्त जुने, पण ते लग्नाच्या मांडवात अशा जुळणीने आणणे नवे.

चुलते आणि मामेभाऊ यांचे भांडण इथे सुटते. शब्दांचे वय आणि वापराचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे विधीत ज्या भरी पडल्या त्यांनाही हीच कसोटी लावता येते. भारतीय बौद्ध महासभा १९५५ साली स्थापन झाली होती. तिने बौद्धाचार्य तयार केले, पुस्तिका छापल्या. त्रिशरण-पंचशील आले. शेवटी जयमंगल अष्टगाथा आली. तिची पाली कडवी आठ, आणि ज्या मंगलाष्टकांच्या जागी ती बसली तीही आठ. लोकांच्या कानाला आठ कडव्यांनंतर फुले टाकायची सवय होती, ती जागा तशीच राहिली, अक्षतांच्या तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या आल्या. सिगालोवाद सुत्तातून पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्ये प्रतिज्ञा म्हणून आली. हे सुत्त अतिशय प्राचीन आहे, पण सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेला तो उपदेश आहे, लग्नाचा मंत्र नाही. बाबासाहेबांच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. माझ्या बहिणीने त्यातली पाच वचने म्हटली. पतीच्या वचनांत पत्नीकडे घरातला अधिकार सोपवण्याचे वचन आहे, ते मला फार आवडते. पण पत्नीच्या वचनांत घरकाम नीट करणे आणि धन सांभाळणे यांवरच भर आहे. जोतीरावांच्या मंगलाष्टकांतली वधू याहून अधिक मागत होती. आपल्या स्त्री कार्यकर्त्या हे बोलून दाखवतात तेव्हा त्यांना ‘सुत्तात बदल कसा करायचा’ असे उत्तर मिळते. सुत्तात बदल नकोच. पण ते लग्नात म्हणायचे हे आपण ठरवले आहे, आणि आपण ठरवलेले आपल्याला बदलता येते.

नव्या विधीची अडचण कुठे होते, तेही सांगितले पाहिजे. आमच्या घरी पहिले बौद्ध लग्न थोरल्या चुलत्यांचे. चुलतीला पांढरे पातळ नेसवून मांडवात आणले तेव्हा माझी पणजी रडू लागली. आमच्याकडे पांढरे म्हणजे कपाळ गेलेलीचे. आजीने मधला मार्ग काढला, पांढऱ्या पातळाला ठसठशीत हिरवा काठ घेतला. पुस्तिकेत हिरवा काठ नाही, बाबासाहेबांच्या पत्रात नाही, पण आमच्या भावकीत पुढची काही लग्ने हिरव्या काठानेच लागली. बहिणीच्या लग्नात तर पांढरी साडी विधीपुरती होती, स्वागताला भरजरी आली. हळद आदल्या रात्री झालीच. मंगळसूत्रही आहे. तरुण कार्यकर्ते यावर चिडतात आणि ‘अर्धे बौद्ध’ म्हणतात. मला वाटते त्यांनी जरा थांबून पाहावे. जी गोष्ट वरून सांगितली गेली ती मांडवात, भर सभेत, पाळली गेली. जी बायकांच्या हातात होती ती स्वयंपाकघराच्या मागे चालू राहिली. विधी बदलताना आम्ही बायकांना विचारले नव्हते, त्याचा हा हिशेब आहे.

जुनी रीत आणि घडवलेली रीत ओळखायची एक सोपी खूण मला या निमित्ताने सापडली. हळदीची रीत तीन कोसांवर बदलते. आजीच्या माहेरी हळद जात्यावर दळताना जी गाणी, ती तासगावात नाहीत. देवकाची पाने घरागणिक निराळी. उलट मडके, सूत, त्रिशरण, अष्टगाथा यांचा क्रम शिराळ्यापासून नागपूरपर्यंत जवळपास एकच आहे. इतका सारखेपणा आपोआप येत नाही, तो पुस्तिकेतून आणि प्रशिक्षित बौद्धाचार्यांतून येतो. एखादी रीत सगळीकडे तंतोतंत सारखी दिसली की तिचे छापील पान शोधावे, बहुधा सापडते.

आणि इथे कायद्याने एक मोठी गंमत करून ठेवली आहे. गंमत म्हणतो, पण तिची झळ आमच्या बायकांना बसते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीतील विधींनी लागला पाहिजे. रूढी म्हणजे काय, हे तिसऱ्या कलमात सांगितले आहे : जी दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेली आहे ती. १९६५ साली भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे दुसऱ्या लग्नाचा प्रश्न आला. गेल्या पाच-सात वर्षांत आमच्यात काही विधी गळून गेले आहेत असे तिथे सांगण्यात आले. न्यायालयाने ते मानले नाही, एवढ्या थोड्या काळात रूढी बदलत नाही म्हटले. दुसरे लग्न विधिपूर्वक लागल्याचे सिद्ध झाले नाही आणि आरोपी सुटला. याचा अर्थ नीट समजून घ्या. नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून बाई कोर्टात गेली, तर ‘ते लग्न रूढीप्रमाणे लागलेच नव्हते’ एवढे म्हणून नवरा सुटू शकतो. विधी जितका नवा, तितकी ही पळवाट मोठी.

तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांवर हाच प्रसंग आला. मद्रास हायकोर्टाने १९५३ साली अशा लग्नाला रूढीचा आधार नाही म्हणून ते अवैध ठरवले. तिथे उत्तर राजकारणाने दिले. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली कायद्यात ७-अ कलम घालून हार किंवा अंगठी घालून, एकमेकांना समजेल अशा भाषेत संमती सांगून लागलेले लग्न वैध केले. विधी नवा आहे हे लपवण्याची गरजच उरली नाही. जोतीरावांच्या महाराष्ट्रात असे कलम आले नाही. प्रतिसरकारमधून पुढे आलेली माणसे या राज्याच्या सत्तेत बसली, तरीही आले नाही.

नोंदणी केली की झाले, असे अनेकांना वाटते. तेही खरे नाही. विधी झालेलाच नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट सांगितले. नुसत्या नोंदणीने लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्याची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते.

तेव्हा आमच्या विधीची बाजू कोर्टात कशावर उभी राहते? कायद्याला रूढीत सातत्य आणि सारखेपणा हवा आहे. १९५६ पासून आज जवळजवळ सत्तर वर्षे झाली, म्हणजे सातत्य आहे. सारखेपणा तर हवा त्याहून जास्त आहे. जो सारखेपणा इतिहासकाराच्या नजरेत ‘हे घडवलेले आहे’ याची खूण ठरतो, तोच कायद्याच्या नजरेत ‘ही रूढी आहे’ याचा पुरावा ठरतो. चुलत्यांना अडीच हजार वर्षे उसनी आणण्याची गरज नाही. सत्तर वर्षे पुरतात, फक्त ती दाखवता आली पाहिजेत.

ती दाखवायची कशी? बहिणीच्या लग्नानंतर मी बौद्धाचार्यांची वही पाहायला मागितली. त्यात तारीख, वधू-वरांची नावे, वये, दोन्हीकडच्या साक्षीदारांच्या सह्या होत्या. विधी कोणकोणते झाले याचा रकाना नव्हता. ते म्हणाले, “ते सगळ्यांना माहीत असतं की, सर.” मी म्हटले, कोर्टाला माहीत नसते. त्यांना थोडा राग आला, मग त्यांनी वही परत उघडली आणि सह्यांच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिले : त्रिशरण, पंचशील, मंगलसुत्त, कलश व सूत, प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा, पुष्पवृष्टी. मामेभावाची साक्षीदार म्हणून सही होतीच. त्याने चुलत्यांना हाक मारली. चुलत्यांनी चष्मा काढून सगळे पुन्हा वाचले, आणि सही करण्याआधी म्हणाले, “मडकं मातीचं होतं, तेही लिवा.”